एकाच चेहऱ्याचे वीस फोटो: कोणते घ्यावेत, कोणते गाळावेत

ग्लासगो विद्यापीठातल्या रॉब जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. नेदरलँड्समधल्या दोन प्रसिद्ध स्त्रियांचे प्रत्येकी वीस, असे चाळीस फोटो एकत्र मिसळून ते त्यांनी ब्रिटनमधल्या लोकांच्या हाती दिले आणि सांगितलं, एका व्यक्तीचे फोटो एका गठ्ठ्यात ठेवा. त्या लोकांनी या दोघींना कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी साधारण सात-आठ गठ्ठे केले, म्हणजे दोन बायकांच्या सात-आठ बायका झाल्या. ज्यांना ते चेहरे आधीपासून ओळखीचे होते, त्या डच लोकांनी मात्र सहज दोनच गठ्ठे केले.

संगणकाकडून एकाच व्यक्तीची अनेक चित्रं तयार करून घेणाऱ्या प्रत्येकाला हा प्रयोग उपयोगी आहे. चित्र बनवणाऱ्या मॉडेललाही तो चेहरा सुरुवातीला अनोळखीच असतो. आपण दिलेल्या फोटोंवरून त्याला ओळख करून घ्यायची असते. फोटो चुकीचे निवडले, तर पुढच्या प्रत्येक चित्रात वेगळीच बाई किंवा वेगळाच बुवा उमटतो; कधी सख्खी बहीण वाटते, कधी लांबची. या निवडीबद्दल गेल्या काही वर्षांत बरंच शहाणपण जमा झालं आहे, आणि बरेच गैरसमजही. त्याचा हा आढावा.

पद्धती कोणत्या, आणि त्यांची भूक किती

ऑगस्ट २०२२ मध्ये दोन शोधनिबंध पाठोपाठ आले. ‘टेक्स्च्युअल इन्व्हर्जन’ने तीन ते पाच फोटोंवरून एका नव्या शब्दाला अर्थ शिकवला. ‘ड्रीमबूथ’ने तेवढ्याच फोटोंवर अख्खं मॉडेल पुन्हा घडवलं आणि त्या व्यक्तीला एक दुर्मीळ खूणशब्द जोडला. पुढे ‘लोरा’ ही पद्धत चित्रांच्या मॉडेलांसाठी वापरात आली. मूळ मॉडेल जसंच्या तसं ठेवून बाजूला एक छोटी पूरक फाइल शिकवायची, अशी तिची रीत आहे. घरच्या ग्राफिक्स कार्डावर ती चालते, म्हणून चेहऱ्यांच्या कामात ती सर्वांत जास्त रुळली.

दुसरा प्रवाह प्रशिक्षण टाळणारा आहे. २०२३ मधलं ‘आयपी-अ‍ॅडॉप्टर’, त्याच वर्षाच्या शेवटी आलेलं ‘फोटोमेकर’ आणि २०२४ च्या सुरुवातीचं ‘इन्स्टंटआयडी’ ही त्यातली ठळक नावं. चेहऱ्याची ओळख आकड्यांच्या एका रांगेत उतरवायची आणि चित्र काढताना ती रांग मॉडेलला दाखवायची, हे त्यांचं सूत्र. इन्स्टंटआयडीला एकच फोटो पुरतो. फोटोमेकर अनेक फोटोंमधून ओळख एकत्र करतो.

दोन्ही प्रवाहांत निवडीचे निकष वेगळे आहेत, आणि इथेच पहिला गोंधळ होतो. प्रशिक्षण नसलेल्या पद्धतीत फोटो एकच असेल, तर तो समोरून, मऊ प्रकाशात, शांत चेहऱ्याचा आणि स्पष्ट असावा. चेहरा मोजणारी आर्कफेससारखी जाळी त्या फोटोतून केवळ ११२ × ११२ पिक्सेलचा सरळ केलेला तुकडा घेते. तो तुकडा तिरका, झाकलेला किंवा सावलीतला असेल, तर ओळख तिथेच पातळ होते. लोराच्या प्रशिक्षणाला मात्र असा एकच उत्तम फोटो वीसदा दिला तरी उपयोग नाही. तिथे विविधता लागते. पुढची चर्चा मुख्यतः लोराबद्दल आहे, कारण निवडीचं खरं कसब तिथेच पणाला लागतं.

मुळाशी असलेली दोन कारणं

निवडीचे बहुतेक सगळे नियम दोन गोष्टींतून निघतात. पहिली अशी, की सगळ्या फोटोंमध्ये जे सारखं राहतं ते मॉडेल चेहऱ्याचाच भाग समजतं. नाक सारखं आहे, तसा प्रत्येक फोटोत मागचा हिरवा पडदाही सारखा असेल, तर मॉडेलच्या दृष्टीने दोन्ही त्या व्यक्तीचेच गुण ठरतात. दुसरी अशी, की फोटोंमध्ये जे कधीच दिसत नाही ते मॉडेल आपल्या आधीच्या शिकवणीतून भरतं. त्या शिकवणीत लाखो चेहरे असतात, म्हणून भरलेला भाग सरासरी चेहऱ्याचा निघतो.

म्हणजे निवड करणाऱ्याचं काम दुहेरी आहे. चेहरा सोडून बाकी सगळं बदलतं ठेवायचं आणि चेहऱ्याची कुठलीही बाजू न दाखवलेली राहू द्यायची नाही.

याचं आपल्याकडचं सर्वांत सोपं उदाहरण टिकलीचं. एखाद्या बाईंच्या सगळ्या फोटोंत कपाळावर लाल टिकली असेल, तर ती त्यांच्या चेहऱ्यात मुरते. मग ‘टिकली नको’ असं लिहूनही ती उमटते, किंवा तिच्या जागी तांबूस डाग राहतो. नथीचं त्याहून अवघड. ती नाकपुडीचा आणि वरच्या ओठाचा भाग झाकते, त्यामुळे खालचा आकार मॉडेलला कळतच नाही. चष्मा, फेटा, रंगमंचाचा मेकअप, दाढीची ठरावीक लांबी यांनाही हेच लागू पडतं. नियम असा ठेवावा: ज्या गोष्टी चित्रांत कधी असतील, कधी नसतील, त्या फोटोंतही कधी असाव्यात, कधी नसाव्यात. ज्या कायम हव्यात, उदाहरणार्थ चष्म्याशिवाय न ओळखू येणाऱ्या माणसाचा चष्मा, त्या बहुतेक फोटोंत राहू द्याव्यात.

कोन

फोनमधल्या फोटोंत समोरचे चेहरे भरमसाट असतात, कारण कॅमेरा पाहिला की माणूस त्याच्याकडे वळतो. प्रशिक्षणात याचा परिणाम लगेच दिसतो. ‘खिडकीबाहेर पाहणारी’ असं सांगितलं तरी चित्रातली व्यक्ती आपल्याकडेच पाहते, आणि जबरदस्तीने बाजूला वळवली तर नाक दुसऱ्याचं निघतं. समोरच्या फोटोत नाकाची रुंदी कळते, ते किती पुढे आलं आहे हे कळत नाही. हनुवटी किती पुढे आहे, कपाळ कसं उतरतं, जबड्याची रेघ कानापाशी कुठे वळते, हे पाऊण वळलेल्या आणि पूर्ण बाजूच्या फोटोंतच दिसतं.

पाऊण वळलेला चेहरा सर्वांत जास्त माहिती देतो. दोन्ही डोळे दिसतात आणि खोलीही कळते. म्हणून समोरच्या फोटोंपेक्षा पाऊण कोनाचे थोडे जास्त घ्यावेत, आणि दोन्ही बाजूंचे घ्यावेत. माणसाचे दोन गाल सारखे नसतात. पूर्ण बाजूचे तीन-चार पुरतात. वर पाहणारा आणि खाली पाहणारा असे दोन-तीन असावेत, नाहीतर पुस्तक वाचणाऱ्या आजीच्या चित्रात पापण्या आणि हनुवटी बिघडतात.

इथे एक छुपा दोष वारंवार सापडतो. काही फोन सेल्फी आरशासारखा उलटा साठवतात, काही सुलटा करून. दोन्ही प्रकार मिसळले, तर डाव्या गालावरचा तीळ निम्म्या फोटोंत उजवीकडे जातो. मॉडेल मग दोन्हीकडे पुसट तीळ काढतं किंवा तीळ काढतच नाही. केसांचा भांग आणि तीळ पाहून प्रत्येक फोटो तपासावा आणि उलटे फोटो सुलटे करून घ्यावेत. प्रशिक्षणाच्या कोह्या स्क्रिप्टमध्ये `flip_aug` नावाचा पर्याय आहे. तो फोटो आपोआप डावे-उजवे करतो. चेहऱ्याच्या कामात तो बंदच ठेवावा.

अंतर आणि आकार

सेल्फीबद्दलची आणखी एक अडचण भूमितीची आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासाने हिशेब मांडला, की पाच फुटांवरून घेतलेल्या फोटोच्या तुलनेत बारा इंचांवरून घेतलेल्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. कॅमेऱ्याला जवळचा भाग मोठा दिसतो, आणि कान मागे पळतात. सगळे फोटो हातभर अंतरावरचे असतील, तर मॉडेल तेच नाक खरं मानतं, आणि दुरून घेतल्यासारख्या चित्रातही ते नाक तसंच राहतं. उपाय सोपा आहे. निदान दोन-तृतीयांश फोटो पाच-सहा फुटांवरून, फोनची दुप्पट झूमची लेन्स वापरून घ्यावेत.

फोटोत चेहरा किती जागा व्यापतो, हेही तितकंच महत्त्वाचं. स्टेबल डिफ्यूजन, एसडीएक्सएल, फ्लक्स ही मॉडेलं पिक्सेलवर थेट काम करत नाहीत. ती चित्र आधी प्रत्येक दिशेने आठपट आक्रसून घेतात. १०२४ पिक्सेलचं चित्र १२८ घरांचं होतं. लग्नाच्या समूह फोटोत एखादा चेहरा ६४ पिक्सेलचा असेल, तर मॉडेलच्या वाट्याला तो आठ बाय आठ घरांचा येतो. तेवढ्यात डोळा आणि भुवई वेगळी ठेवणंही कठीण. म्हणून मूळ फोटोत चेहरा काही शे पिक्सेलचा असलेलेच फोटो घ्यावेत. लहान फोटो कृत्रिमरीत्या मोठा करणारं साधन वापरलं, तर ते साधन त्वचेचा पोत स्वतःच्या मनाने भरतं आणि मॉडेल तो पोत शिकतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीने आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो. मूळ फाइल मागवून घ्यावी.

प्रकाश

चेहरे ओळखणाऱ्या संगणकशास्त्रात प्रकाशाची ताकद फार आधी लक्षात आली. मोझेस, अदिनी आणि उलमान या संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवलं, की प्रकाश आणि कोन बदलल्यामुळे एकाच चेहऱ्याच्या दोन चित्रांत पडणारा फरक दोन वेगळ्या माणसांमधल्या फरकाहून बहुधा मोठा असतो. कार्नेगी मेलन विद्यापीठाने बनवलेल्या ‘मल्टी-पाय’ या संग्रहात ३३७ माणसांचे फोटो १५ कोनांतून आणि १९ प्रकाशस्थितींत टिपले गेले, ते यासाठीच.

आपल्याला एकोणीस प्रकाश नकोत, चार-पाच पुरतात. खिडकीचा मऊ प्रकाश हा पाया, कारण त्यात त्वचेचा रंग आणि पोत सर्वांत प्रामाणिक दिसतो. त्याच्या जोडीला झाडाखालच्या सावलीतले, संध्याकाळच्या पिवळ्या दिव्यातले, एका बाजूने प्रकाश येणारे आणि एक-दोन उन्हातले फोटो असावेत. बाजूच्या प्रकाशात गालाचं हाड आणि डोळ्यांचे खळगे उठून दिसतात; समोरच्या फ्लॅशमध्ये ते सपाट होतात. अर्धा चेहरा काळोखात बुडालेला फोटो कितीही सुंदर असला, तरी तो टाळावा. त्यात अर्धीच माहिती असते.

त्वचेच्या रंगाबाबत विशेष काळजी घ्यावी. फोनचे ‘ब्यूटी’ फिल्टर त्वचा गुळगुळीत आणि उजळ करतात, आणि अनेक फोनांत ते न सांगताच चालू असतात. असे फोटो दिल्यावर सावळ्या चेहऱ्याची गोरी, सुरकुत्यारहित प्रतिमा परत येते. त्यात जास्त उजळलेल्या फोटोंची भर पडली, की खरा रंग मॉडेलला कधी कळतच नाही. फिल्टर बंद करून, कपाळ आणि गाल पांढरे पडू न देता घेतलेले फोटोच उपयोगी.

भाव

‘जरा हसा’ म्हटल्यावर जे हसू येतं, ते बहुतेक संग्रहांत निम्म्याहून जास्त फोटोंवर असतं. मग मॉडेलला तेच हसू त्या माणसाचा चेहरा वाटतं. गंभीर प्रसंगाच्या चित्रातही ओठांचे कोपरे वर राहतात. म्हणून शांत चेहऱ्याचे फोटो सर्वांत जास्त असावेत, आणि बाकीचे भाव त्यांच्याभोवती विखुरलेले.

दातांकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. दोन दातांमधली फट, किंचित पुढे आलेला सुळा हे ओळखीचे मोठे धागे आहेत. दात दिसणारा एकही फोटो नसेल, तर हसताना मॉडेल एकसारख्या पांढऱ्या दातांची रांग बसवतं आणि ओळखच मोडते. तीन-चार मोकळ्या हसण्याचे फोटो हवेतच. हसताना डोळे बारीक होतात, गाल वर जातात, नाकाच्या बाजूची घडी खोल होते. ही हालचाल प्रत्येकाची वेगळी असते आणि शांत चेहऱ्यावरून तिचा अंदाज बांधता येत नाही. बोलताना टिपलेले फोटो याला उत्तम पूरक, कारण त्यात ओठ अर्धवट उघडे आणि चेहरा सैल असतो. मुद्दाम केलेली वेडीवाकडी तोंडं मात्र गाळावीत. वीस फोटोंत एक असला, तरी तो पाच टक्के शिकवण होतो.

एक उदाहरण

समजा, पन्नाशीच्या एका रंगभूमी अभिनेत्रीने मुलांच्या चित्रपुस्तकातल्या आजीसाठी आपला चेहरा वापरू द्यायला संमती दिली आहे. त्यांच्या फोनमधून तीनेकशे फोटो मिळाले.

पहिल्या चाळणीत समूहातले लहान चेहरे, फिल्टर लावलेले, गॉगल घातलेले आणि हललेले फोटो जातात. दोन वर्षांहून जुनेही जातात. दहा वर्षांचे चेहरे एकत्र केले, तर मॉडेल मधल्याच कुठल्यातरी वयाची, कधीच न झालेली बाई काढतं. उरलेल्या साठेक फोटोंचा एक तक्ता करावा: आडवे कोन, उभे प्रकाश, आणि प्रत्येक घरात भावाची नोंद. तक्ता भरला, की रिकामी घरं आपोआप बोलतात. इथे चाळीस फोटो समोरचे निघाले. पाऊण कोनातले बहुतेक एकाच बाजूचे, कारण त्यांना आपली ती बाजू आवडते. पूर्ण बाजूचा एकही नाही. निम्म्यांत नाटकाचा मेकअप आणि जवळपास सगळ्यांत टिकली.

ही घरं जुन्या फोटोंतून भरणार नाहीत. ती नव्याने टिपावी लागतील. खिडकीजवळ आणि नंतर अंगणात, दोन-तीन साध्या साड्या बदलून, कधी टिकलीसह तर कधी टिकलीशिवाय, केस बांधून आणि सोडून तासाभरात हे काम होतं. शेवटी चोवीस फोटो निवडले: सात समोरचे, पाऊण कोनाचे प्रत्येक बाजूचे पाच, पूर्ण बाजूचे चार, वर-खाली पाहणारे तीन. त्यांतले चौदा चेहऱ्यापुरते, सात छातीपर्यंतचे, तीन पूर्ण देहाचे. आणखी पाच चांगले फोटो प्रशिक्षणाबाहेर, परीक्षेसाठी बाजूला ठेवले.

प्रत्येक फोटोला एक ओळ जोडायची असते. ती साधारण अशी:

```
ohwx woman, three-quarter view from left, closed-mouth smile,
soft window light, blue cotton saree, red bindi, plain wall
```

इथे `ohwx` हा खूणशब्द. मूळ मॉडेलला ज्याचा अर्थ माहीत नाही, असा शब्द घ्यायचा असतो. ड्रीमबूथच्या सुरुवातीच्या काळात `sks` फार वापरला गेला, पण ते एका रायफलचंही नाव आहे, आणि चित्रांत कधी कधी बंदुका डोकावत. ओळीत लिहायचं ते बदलतं तेवढंच: कोन, भाव, प्रकाश, कपडे, टिकली. नाक-डोळ्यांचं वर्णन लिहू नये. लिहिलेली गोष्ट त्या त्या शब्दाला चिकटते, न लिहिलेली खूणशब्दाला, आणि चेहरा खूणशब्दालाच चिकटायला हवा.

निकाल कसा तपासावा

एखादं सुंदर चित्र निघालं म्हणून काम झालं असं होत नाही. ठरावीक सात-आठ मागण्यांचा एक संच करावा आणि प्रत्येक वेळी तोच सीड आकडा ठेवून चालवावा: बाजूने, मोठ्याने हसताना, कंदिलाच्या उजेडात, दुरून चालताना, टिकलीशिवाय. जी मागणी बिघडते ती फोटोंमधली उणीव दाखवते. फक्त बाजूचं चित्र परकं वाटलं, तर बाजूचे फोटो कमी पडले. प्रत्येक चित्रात तीच निळी साडी आली, तर ती साडी जास्त फोटोंत आहे. मागितलेला भाव येतच नाही आणि पार्श्वभूमीही फोटोंसारखीच येते, तर प्रशिक्षण लांबलं आणि मॉडेलने फोटो पाठ केले. मग आधीच्या टप्प्यावर साठवलेली फाइल वापरून पाहावी.

आकड्यानेही मोजता येतं. आर्कफेसमधून दोन चेहऱ्यांचं साम्य काढता येतं. मात्र आधी त्या व्यक्तीचे खरे फोटो एकमेकांशी ताडून पाहावेत, कारण समोरचा आणि पूर्ण बाजूचा असे दोन खरे फोटोही एकमेकांशी कमीच जुळतात. तयार चित्रं बाजूला ठेवलेल्या पाच फोटोंशी तेवढीच जुळली, तर समाधान मानावं. खऱ्या फोटोंच्या आपसातल्या साम्याहून कितीतरी जास्त जुळली, तर ती नक्कल असण्याची शंका घ्यावी. शिवाय हा आकडा केस, मान, वय, हसण्याची ढब फारसं पाहत नाही. त्यासाठी त्या व्यक्तीला रोज भेटणाऱ्या दोघा-तिघांना चित्रं दाखवणं हीच उत्तम परीक्षा.

अजून न मिटलेले प्रश्न

फोटो किती, यावर एकमत नाही. मूळ निबंधांनी तीन ते पाच सांगितले. चेहऱ्यांवर काम करणारे साधारण पंधरा ते तीस म्हणतात. काही जण शंभरावर जातात. माझ्या मते संख्या हा दुय्यम प्रश्न आहे. तक्त्यातलं नवं घर भरणारा फोटो घ्यावा, भरलेल्या घरातला आणखी एक घेऊ नये. मध्यम दर्जाचा, पण एकमेव बाजूचा फोटो ठेवावा की गाळावा, हा खरा कठीण निर्णय. धूसर फोटो धूसरपणाही शिकवतो, म्हणून शक्य असेल तिथे तो कोन पुन्हा टिपावा. व्यक्ती उपलब्ध नसेल, तरच तडजोड करावी. दिवंगत व्यक्तीच्या जुन्या कृष्णधवल फोटोंवर काम करताना ही तडजोड अटळ असते, आणि अशा वेळी न दिसलेल्या बाजूने चित्र काढणं टाळणं हेच प्रामाणिक.

२०२५ पासून काही फोटो सोबत देऊन थेट सूचनेने चित्र बदलणारी मॉडेलं पुढे आली आहेत आणि बऱ्याच कामांत प्रशिक्षणाची गरज उरलेली नाही. तिथेही समोरचा, पाऊण आणि बाजूचा असे तीन-चार विचारपूर्वक निवडलेले फोटो एका फोटोपेक्षा चांगला निकाल देतात, कारण न दिसलेला भाग सरासरीने भरण्याची खोड त्यांनाही आहे.

चांगला संच म्हणजे एखाद्या माणसाच्या चेहऱ्यावर पूर्ण ताबा देणारी फाइल. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अनिल कपूर यांच्या चेहऱ्याचा आणि आवाजाचा परवानगीशिवाय कृत्रिम वापर करायला मनाई केली, ती या धोक्यामुळेच. हे संरक्षण प्रसिद्ध नसलेल्या माणसाला प्रत्यक्षात मिळवणं अवघड असतं. म्हणून संमती लेखी घ्यावी आणि तिच्यात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: चेहरा कोणत्या कामासाठी वापरणार, शिकवलेली फाइल कोणाकडे राहणार, आणि काम संपल्यावर फोटो व फाइल दोन्ही कधी पुसणार. यातली एक जरी अट ठरली नसेल, तर तक्ता कितीही छान भरला असला, तरी प्रशिक्षण सुरू करू नये.